नाईटवरून घरी यायचं आणि अ‍ॅप म्हणणार 'गुड मॉर्निंग'

"ताई, मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, रात्री ८ ते सकाळी ८, सलग चार नाईट आणि मग ऑफ. घरी पोचून साडेनऊला आडवी पडते पण डोक्यात मॉनिटरचे बीप चालूच राहतात. तीन अ‍ॅप टाकून झाली, एकाचा फ्री ट्रायल चालू आहे. कधीकधी तर मेडिटेशन केल्यावर उलट टक्क जागी होते. कशीबशी झोप लागली तरी दुपारी एकला डोळे उघडतात ते उघडतातच, आणि वर अ‍ॅप सांगतं स्लीप स्कोर ४८! माझंच काही चुकतंय का? ट्रायल संपल्यावर पैसे भरू की नको?"
– बीप ऐकणारी

अगं, सगळ्यात आधी तो स्कोर बंद कर. आत्ता, हे पुढचं वाचायच्या आधी. सेटिंगमध्ये स्लीप ट्रॅकिंग असेल ते ऑफ, रोजचं नोटिफिकेशन ऑफ, स्ट्रीक दिसत असेल तर तीही लपव. मी हे चिडून नाही सांगत (थोडं चिडूनच सांगतेय, कारण मी स्वतः कित्येक वर्षं लॅबमध्ये नाईट केल्यात आणि असल्या आकड्यांनी माझीही सकाळ खराब केलीय), पण हा स्कोर बनतो कसा ते बघ. घड्याळ किंवा फोन तुझी हालचाल मोजतं, घड्याळ असेल तर नाडीही मोजतं, आणि त्यावरून अंदाज बांधतं. मेंदूत काय चाललंय ते त्याला दिसतच नाही. त्यामुळे तू डोळे मिटून गप पडून पेशंटचा विचार करत असलीस तर बऱ्याचदा तो वेळ झोप म्हणून मोजला जातो, आणि गाढ झोप किती नि स्वप्नाची किती हे जे रंगीत पट्टे दाखवतात ते तर अजूनच अंदाजपंचे. त्यात बऱ्याच अ‍ॅपमध्ये रोज ठरलेल्या वेळी झोपलात का याचेही मार्क असतात. चार दिवस सकाळी झोपणार आणि ऑफला रात्री झोपणार, तर त्या पेपरात तू नापासच होणार, झोप कितीही छान लागू दे. या स्कोरच्या मागे लागून झोप अजून बिघडते असं दिसल्यावर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांनी त्याला ऑर्थोसोम्निया असं नावही दिलं, म्हणजे यात तू काही एकटी नाहीस.

आता दुपारी एकला जाग का येते ते, कारण हे कळलं नाही तर तू ते काम अ‍ॅपकडून करून घ्यायला जाशील आणि ते त्याच्या हातातलं नाहीये. झोपेला दोन गोष्टी लागतात. एक झोपेची भूक, जी जितका वेळ जागं राहू तितकी वाढत जाते. दुसरं शरीराचं घड्याळ, जे पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली असतं (तेव्हाच ड्युटीवर थंडी वाजते, डोळे जड होतात, चार्टवरची एकच ओळ तीनदा वाचावी लागते, बरोबर ना) आणि तिथून संध्याकाळपर्यंत चढतच जातं. साडेनऊला तू आडवी होतेस तेव्हा भूक भरपूर असते पण घड्याळ म्हणत असतं उठा उठा सकाळ झाली. पहिले तीन-चार तास भुकेच्या जोरावर निघतात, मग भूक भागते आणि घड्याळ तर अजून वरच चाललेलं असतं, म्हणून एकला टक्क. यात तुझं काही चुकत नाहीये आणि कुठलीही समुद्राच्या लाटांची ऑडिओ त्या घड्याळाला मागे ढकलू शकत नाही. घड्याळावर खरा जोर चालतो उजेडाचा. अ‍ॅप फार तर एकच काम करू शकतं, बारा तास ताणलेलं डोकं खाली आणायचं. तेवढंच काम त्याला द्यायचं.

मग ते तेवढं तरी नीट का करत नाही? कारण तू सकाळी नऊला अ‍ॅप उघडतेस आणि त्याला वाटतं तू आत्ता उठलीस! पहिल्या पानावर काय येतं आठव. 'गुड मॉर्निंग', 'दिवसाची सुरुवात', 'फोकस वाढवा', दहा मिनिटांचं सकाळचं सेशन. ही सेशन्स माणसाला जागं करायलाच बनवलेली असतात, आवाज जरा उत्साही, मधेमधे सरळ बसा, खोल श्वास घ्या, आजचा संकल्प करा. आणि नुसतं साधं माइंडफुलनेस लावलंस तरी तो सगळा लक्ष द्यायचा सराव असतो, मन भटकलं की ओळखा आणि परत आणा, परत आणा. अगं तू रात्रभर तेच करून आलीस की, सॅच्युरेशन बघ, ड्रिप बघ, बीप ओळख. त्यात अजून वीस मिनिटं लक्ष द्यायला लावलं तर डोकं ड्युटीवरच राहणार. मेडिटेशन करून जाग आली यात काही गूढ नाही, चुकीच्या वेळी चुकीचं सेशन लागलं एवढंच.

तुला हवंय ते लक्ष सोडायला लावणारं. योगनिद्रा किंवा बॉडी स्कॅन, आडवं पडून, बाईचा किंवा पुरुषाचा एकसुरी आवाज पायाच्या अंगठ्यापासून वर येत जातो आणि मधेच तू हरवलीस तरी चालतं, परत या म्हणून कोणी ओढत नाही. किंवा मग कंटाळवाणी गोष्ट, जिच्यात काहीच घडत नाही. एक सांगते, ड्युटीवर कोणी पेशंट गेला असेल किंवा सीपीआर झालं असेल त्या सकाळी बॉडी स्कॅन नको. डोळे मिटून आत बघायला सांगितलं की काहींना तेच सगळं परत दिसायला लागतं, छातीत धडधडतं. असं झालं तर तसंच रेटायचं नाही, डोळे उघडायचे आणि त्या दिवशी गोष्ट लावायची, मन बाहेरच्या कशात तरी राहू दे. आणि तीच दृश्यं आठवडेच्या आठवडे येत राहिली तर हे अ‍ॅपचं काम नाही, समुपदेशकाशी बोल.

आता ही शोधाशोध सकाळी नऊला करायची नाही हे महत्त्वाचं. ऑफच्या दिवशी दुपारी बसून चार-पाच ऑडिओ शेवटपर्यंत ऐक, शेवटपर्यंत म्हणजे खरंच शेवटपर्यंत, कारण खोड शेवटीच असते. कित्येक मेडिटेशनच्या शेवटी घंटा वाजते, टिंग्ग. जे नुसते टायमर असतात त्यातही सेशन संपल्याची घंटा आधीपासून लावलेली असते, ती सेटिंगमध्ये जाऊन काढावी लागते. दुसऱ्या कोणाला ती घंटा गोड वाटेल पण आयसीयूतल्या माणसाला टिंग्ग म्हणजे कुठल्यातरी बेडचा अलार्म, हात आपोआप उशाशी जातो. तसंच पावसाच्या आवाजात मधेच वीज कडाडते, जंगलाच्या आवाजात पक्षी किंचाळतो, हे सगळं बाद. तुझ्या कानाला रात्रभर सवय लागलीय शांततेत बारीक आवाज शोधायची, म्हणून खोली एकदम शांत असली की कान बीप शोधत बसतात आणि न वाजलेले बीपही ऐकू येतात. त्यावर चढ-उतार नसलेला सपाट आवाज बरा, पंख्यासारखा, ब्राऊन नॉइझ नावाने मिळतो तो. व्हाइट नॉइझ मला स्वतःला कर्कश वाटतो पण ज्याची त्याची आवड. आवाज मात्र हळू, शेजारी कोणी बोललं तर ऐकू येईल इतपतच.

निवडलेले दोन ऑडिओ डाउनलोड करून फेव्हरिटमध्ये टाक, म्हणजे पहिलं पान बघायची वेळच येणार नाही. ऑटोप्ले बंद. फुकटचं म्हणून व्हिडिओच्या साइटवरून तर अजिबात लावू नकोस, एकदा मी तसंच लावून छान गुंगीत गेले होते आणि मधेच जाहिरात किंचाळली, पुढचे तीन तास नुसती छताकडे बघत होते.

फोनची झोपेची वेळ पण बघ. आयफोनमधला स्लीप फोकस किंवा अँड्रॉइडमधला बेडटाइम मोड आपण एकदा रात्री ११ ते ६ असा लावून विसरतो, मग सकाळी दहाला फोन अगदी ताजातवाना असतो, कुरियर, ग्रुपवरचे फोटो, वॉर्डच्या ग्रुपवर कोणाची तरी ड्युटी बदलायची बोंब. नाईटसाठी वेगळं शेड्यूल कर, सकाळी ९:३० ते ५:३०, चार नाईट असतील त्याच दिवशी चालू. घरच्या दोन नंबरांना परवानगी दे, बाकी सगळं बंद, आणि अलार्म वाजणार आहे ना ते एकदा जागेपणी तपासून घे.

आता एक सकाळ पूर्ण धरून बघू. समज तुझी दुसरी नाईट आहे.

शेवटची कॉफी किंवा चहा रात्री दोनच्या आत, कारण घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं अंगातून जायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणजे पहाटे पाचला घेतलेल्या कपातलं निम्मं तू झोपायला जातेस तेव्हाही अंगात फिरत असतं. आठला ओव्हर दिलीस, निघालीस. कोणी आणून सोडत असेल किंवा बसने येत असशील तर गॉगल लाव, सकाळचा ऊन-उजेड डोळ्यात जितका कमी तितकं ते घड्याळ कमी चढतं. पण स्वतः गाडी चालवत असशील तर गॉगलही नको आणि अ‍ॅपही नको, कानात योगनिद्रा लावून गाडी चालवायची तर कधीच नाही, हसू नकोस, असं करणारे लोक आहेत. नाईटनंतर गाडीवर डुलकी लागणं हा झोपेच्या स्कोरपेक्षा शंभरपट खरा धोका आहे. मान पडत असेल, मागचा सिग्नल कसा ओलांडला ते आठवत नसेल, तर निघायच्या आधी चेंजिंग रूममध्ये पंधरा-वीस मिनिटांचा अलार्म लावून झोप, उठल्यावर तोंड धू, दहा मिनिटं जाऊ दे आणि मग निघ, किंवा त्या दिवशी गाडी तिथेच ठेव.

नऊला घरी. पडदे आधीच ओढलेले, मोठा दिवा लावायचा नाही. अंघोळ, थोडं खाणं. साडेनऊला बेडवर नाही जायचं, खुर्चीत बसायचं. वही घे आणि पाच मिनिटं लिही, पण रात्री काय काय झालं ते नाही, पुढे काय करायचंय ते, पाच नंबरच्या रिपोर्टचं विचारायचंय, रजेचा अर्ज द्यायचाय, आईला फोन. हे मी मनचं सांगत नाहीये, अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात झोपेच्या लॅबमध्ये ५७ जणांवर हा प्रयोग झाला, २०१८ मध्ये छापून आला, त्यात झोपण्याआधी राहिलेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली. ते काही नाईटवाले नव्हते, रात्री झोपणारे होते, तरी मला हे पटतं कारण तू वॉर्डची ओव्हर दुसऱ्या सिस्टरला देऊन आलीस पण स्वतःच्या डोक्याची ओव्हर कोणालाच दिलेली नसते, ती वहीला द्यायची.

मग त्याच खुर्चीत दहा मिनिटं श्वास. नाकाने आत चार मोजेपर्यंत, बाहेर सहा मोजेपर्यंत, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास सोडताना नाडी जराशी मंदावते हे तुला मॉनिटरवर बघून माहीतच असेल, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. यात श्वास धरायचा नाही, ते चार-सात-आठवालं जे सगळीकडे फिरतं त्यात सात मोजेपर्यंत धरायला लावतात आणि दमलेल्या माणसाला त्यात गुदमरल्यासारखं होतं, काहींना जमतं, तुला जमत असेल तर कर. अ‍ॅपमध्ये श्वासाचा गोळा लहान-मोठा होताना दाखवतात तो बघायची गरज नाही, स्क्रीन बंद ठेवून मनात मोज.

पावणेदहाला बेडवर. ऑडिओ लाव, स्लीप टायमर तीस मिनिटं, फोन पालथा आणि हात पोचणार नाही इतका लांब. बेडवर पडून अ‍ॅपमध्ये हे नको ते नको असं चाळत बसणं ही तुझी सध्याची खरी अडचण असावी असा माझा संशय आहे, तीन अ‍ॅप आहेत म्हणतेस म्हणून. ऑडिओ संपली आणि तू जागीच आहेस तर दुसरी लावायची नाही. उठायचं, मंद उजेडात परत खुर्चीत, काहीतरी बिनमहत्त्वाचं, डोळे जड झाले की परत बेड. घड्याळ बघायचं नाही, ऑडिओ संपली हीच खूण. हे न करता तासभर कूस बदलत पडलं की शरीर शिकतं की बेड म्हणजे कूस बदलायची जागा, आणि मग ऑफच्या रात्रीही तिथे तेच होतं.

एकला जाग आली. पाणी, बाथरूम, दिवा न लावता, आणि एकदा परत प्रयत्न. नाही लागली तर उठ, चिडू नकोस, राहिलेली झोप दुसऱ्या हप्त्यात घ्यायची. ती साधारण चारला, साडेपाचचा अलार्म लावून. संध्याकाळी सहा-सातला झोपू म्हणशील तर अवघड जातं, घड्याळ तेव्हा सगळ्यात वर असतं, म्हणून दुपारी जी जराशी सुस्ती येते ती पकडायची. योगनिद्रेची ऑडिओ खरी कामाची आहे ती इथे, कारण झोप नाही लागली तरी नव्वद मिनिटं आडवं, अंधारात, गप पडणं होतं. रात्रीच्या झोपेची बरोबरी नाही ती, पण पहाटे तीनला फरक कळतो. उठल्यावर अर्धा तास डोकं जड राहील, म्हणून उठणं आणि घरातून निघणं यात तेवढं अंतर ठेव.

पैशाचं आता. तू सांगितलंस ती अ‍ॅप आवाज ऐकवणारी आहेत, आणि तेवढ्यासाठी पैसे भरायची गरज मला दिसत नाही, इनसाईट टायमरसारख्या अ‍ॅपमध्ये फुकटात इतक्या योगनिद्रा आहेत की आयुष्य पुरणार नाही (त्याच्या टायमरची घंटा मात्र आधी काढ). दुसऱ्या जातीची अ‍ॅप असतात ती शिफ्टवाल्यांसाठीच बनवलेली, टाइमशिफ्टरचं शिफ्ट वर्कवालं आहे तसं. त्यात तू रोस्टर भरतेस आणि ते सांगतं कधी उजेड घे, कधी टाळ, कॉफी कधीपर्यंत, डुलकी कधी. ते घड्याळाचं काम आहे, मनाचं नाही, आणि पैसे खर्च करायचेच असतील तर मी त्यावर करेन, पण तुझं रोस्टर ऐनवेळी बदलत असेल तर ते वैतागवाणं होतं, रोज नव्याने भरत बसा. तिसरी जात निद्रानाशाच्या सीबीटीची, म्हणजे वागण्या-विचारातून झोप सुधारायच्या कोर्सची. पद्धत उत्तम आहे, पण त्यात एक भाग असा येतो की बेडवरचा वेळच कमी करा, मग झोप घट्ट होईल. नाईट करणाऱ्या, औषधांचे डोस मोजणाऱ्या आणि वर गाडी चालवणाऱ्या माणसाने हे अ‍ॅपच्या भरवशावर एकट्याने करू नये, आधीच कमी झोपेत अजून कात्री लागते. ते करायचं तर झोपेच्या डॉक्टरांना विचारून.

आणि डॉक्टरांकडे जायचं अजून कधी, तर घरचे म्हणाले की तू घोरतेस आणि मधे श्वास अडकतो, किंवा ऑफच्या रात्रीही तीन-तीन महिने झोप येत नाहीये, किंवा गाडीवर खरंच डुलकी लागली. जाताना तो स्कोर दाखवू नकोस, ही वही दाखव.

वहीत काय लिहायचं ते सोपं आहे. पुढच्या आठ नाईट, म्हणजे दोन खेपा. पहिल्या चार नाईट वर सांगितलं ते सगळं, पण ऑडिओ नाही, नुसती वही, श्वास आणि अंधार. पुढच्या चार नाईट तेच सगळं अधिक ऑडिओ. रोज दोनच नोंदी, उठल्यावर अंदाजे किती झोप झाली, आणि पहाटे चारच्या सुमारास ड्युटीवर डोळे किती जड होते, शून्य ते दहा. खेपेची पहिली नाईट दोन्हीकडे सोडून दे, ती तशीही वेगळी असते, त्या दिवशी तू आदल्या सकाळपासून जागी असतेस. दोन्ही खेपांत फरक नसेल तर अ‍ॅप काढून टाक, खुर्ची आणि वही राहू दे. फरक असेल तर फुकटचीच ऑडिओ चालू ठेव. ट्रायल किती दिवसांचा आहे ते तू लिहिलं नाहीस, पण आठ नाईट व्हायच्या आधी संपत असेल तर आजच सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन कॅन्सल कर, बहुतेक ठिकाणी आत्ता कॅन्सल केलं तरी ट्रायलचे उरलेले दिवस वापरता येतात, आणि विसरलीस तर वर्षभराचे पैसे सकाळी अकराला कापले जातील, नेमके तेव्हा जेव्हा तू पहिल्यांदा गाढ झोपलेली असशील.